नवीन बोअर मारण्याआधी चाळीस हापसे मोजा
(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मित्रांनो, मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पाण्याचं काम हा माझा व्यवसाय नाही. तरीही आज हातपंपावर बोलायला उभा आहे, कारण मागच्या दोन उन्हाळ्यांत आमच्या गावच्या एका हातपंपाने मला बरंच शिकवलं. त्यातलं काही माझ्या चुकीमुळे शिकलो, तेही सांगतो.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यात. पलीकडे वैनगंगा, अवतीभवती धानाची शेतं. नळयोजना आहे, पण वीज गेली की नळ जातो आणि सगळं गाव बोरिंगवर येतं. आमच्याकडे हातपंपाला बोरिंगच म्हणतात. मशिदीच्या भिंतीला लागून एक बोरिंग आहे. ते ग्रामपंचायतीचं आहे. वजूलाही तेच पाणी आणि समोरच्या दोन्ही मोहल्ल्यांच्या चुलीलाही तेच.

गेल्या मे महिन्यात मी घरी गेलो तेव्हा जुम्याच्या नमाजनंतर वर्गणीची चर्चा चालू होती. एक चाचा म्हणाले, "बेटा, बोरिंगचं पाणी खाली गेलं. पंचवीस-तीस हापसे मारल्याबिगर थेंब येत नाही. आता नवीन बोअरच मारावी लागते." शेजारच्या मोहल्ल्यातल्या एक काकूही तेच म्हणाल्या, "सकाळी हात तुटून जाते जी." पाण्याची सोय करणं हा आपल्याकडे मोठा सवाब मानला जातो. सअद बिन उबादा यांनी आईच्या नावाने विहीर खोदली, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. त्यामुळे नवीन बोअरसाठी पैसे लवकर जमतात. आईवडिलांच्या नावाची पाटी लागते. जुन्या बोरिंगच्या वायसरवर मात्र कुणाच्या नावाची पाटी लागत नाही.

मी म्हटलं, "चाचा, मला दोन रात्री द्या. आधी मोजून बघू."

काय मोजायचं ते कळण्यासाठी पंपाच्या आत काय आहे ते आधी बघू. तुमच्या गावात बहुधा इंडिया मार्क टू जातीचाच पंप असेल. त्याचं मूळ आपल्या महाराष्ट्रातलं आहे. साठच्या दशकात गावोगावी बिडाचे हातपंप बसवले जात. ते एका कुटुंबाच्या वापरासाठी बनवलेले असत, त्यामुळे सगळं गाव हापसायला लागलं की तुटत. तेव्हा जालन्याला मिशनच्या अभियंत्यांनी पोलादी दांड्याचा, एकाच आसावर फिरणारा पंप तयार केला. सोलापुरात तो सुधारला गेला. पुढे सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीने त्यातून इंडिया मार्क टू घडला आणि तो देशभर, नंतर परदेशातही गेला.

या पंपात वर दिसतं ते डोकं, दांडा आणि साखळी. खरं काम खाली चालतं. पाण्याच्या टाकीपासून, म्हणजे जिथून तोटी निघते तिथून, खाली तीन-तीन मीटरचे लोखंडी जस्ती पाइप एकमेकांना सॉकेटने जोडलेले असतात. त्यांच्या टोकाला पितळी अस्तर असलेलं सिलिंडर असतं आणि ते पाण्यात बुडलेलं असतं. पाइपांच्या आतून 12 मिलिमीटरच्या सळ्या जातात. सळीच्या टोकाला दट्ट्या असतो. दट्ट्यावर दोन वाटीसारखे वायसर असतात. पूर्वी ते चामड्याचे असत, आता बहुतेक ठिकाणी नायट्राइल रबराचे मिळतात. वाटीचं तोंड वर असतं. पाण्याचं वजन वाटीत बसतं, तिची कड पितळेवर दाबली जाते आणि पाणी खाली निसटत नाही. वाटी उलटी बसवली तर पंप पाणीच उचलत नाही. दट्ट्यात एक व्हॉल्व्ह असतो आणि सिलिंडरच्या तळाशी दुसरा. तळाच्या व्हॉल्व्हचं काम एकच, वर आलेलं पाणी परत जाऊ द्यायचं नाही. म्हणूनच चांगल्या पंपात रात्रभर पाइप भरलेला राहतो आणि सकाळी पहिल्या-दुसऱ्या हापशाला पाणी येतं.

आता थोडं गणित. सिलिंडरचा आतला व्यास 63.5 मिलिमीटर आहे आणि दट्ट्या एका पूर्ण हापशात 125 मिलिमीटर चालतो. हिशेब केला तर एका हापशाला साधारण 0.4 लिटर पाणी येतं. 40 हापशांना झालं जवळपास 16 लिटर. दुसरा आकडा पाइपाचा. आत सळी असलेल्या या पाइपात एका मीटरला साधारण 0.9 लिटर पाणी मावतं. हे दोन आकडे लक्षात ठेवले की पंप न उघडता आत काय झालंय याचा बराचसा अंदाज येतो.

पहिली चाचणी बादलीची. पाणी सलग येऊ लागेपर्यंत हापसायचं. मग मापाची बादली लावायची आणि दांडा वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत पूर्ण नेत, एका मिनिटात 40 हापसे मारायचे. आमच्या बोरिंगने 12 लिटर दिले. म्हणजे हापशाला 0.4 ऐवजी 0.3 लिटर. पाणी कुठेतरी निसटत होतं.

इथेच चाचांच्या शंकेचं उत्तर मिळतं. बोअरमधलं पाणी खरंच कमी पडलं असेल तर पंप आधी जोरात चालतो, मग धार तुटते, तोटीतून हवा येते आणि थोडा वेळ थांबलं की पुन्हा पाणी येतं. आमच्याकडे तसं होत नव्हतं. धार बारीक होती, पण दहा बादल्या भरल्या तरी तशीच राहिली. म्हणजे बोअरला पाणी होतं, ते वर पोचत नव्हतं.

दुसरी चाचणी रात्रीची. इशानंतर पाइप पूर्ण भरून घेतला आणि दांड्याला दोरी बांधून कागद लावला, "फजरपर्यंत हापसू नये." सकाळी हापसे मोजले. अठ्ठाविसाव्या हापशाला पाणी आलं. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच केलं. पुन्हा अठ्ठावीस.

दोन्ही दिवस तोच आकडा येणं महत्त्वाचं होतं. 28 हापसे गुणिले 0.3, म्हणजे 8.4 लिटर पाणी पाइपातून गेलं होतं. मीटरला 0.9 लिटर धरलं तर टाकीपासून 9.3 मीटर खालपर्यंत पाइप रिकामा झाला होता आणि पाणी तिथेच थांबलं होतं.

तळाचा व्हॉल्व्ह गळत असता तर पाणी तिथे थांबलं नसतं. ते खाली उतरत उतरत बोअरमधल्या पाण्याच्या पातळीला जाऊन टेकलं असतं. ती पातळी किती, याचा अंदाज मी मशिदीमागच्या जुन्या विहिरीत दोरीला दगड बांधून घेतला. पाणी 15 मीटरवर होतं. म्हणजे व्हॉल्व्हचा दोष असता तर पंचेचाळीसच्या आसपास हापसे लागले असते. अठ्ठाविसावर थांबण्याचा अर्थ असा की पाइपाला 9 मीटरच्या थोडं खाली भोक असावं. भोकाच्या वरचं पाणी निसटतं, खालचं पाइपात राहतं. तीन पाइप मिळून 9 मीटर होतात. तेव्हा संशय चौथ्या पाइपाच्या वरच्या टोकावर, म्हणजे तिसऱ्या सॉकेटच्या आट्यांवर गेला.

हा अंदाजच आहे, हे विसरू नका. विहीर आणि बोअर यांची पातळी आमच्यासारख्या कठीण खडकाच्या भागात अगदी सारखी असेलच असं नाही. बादलीचा आकडा वायसर आणि भोक या दोघांमुळे कमी झालेला असतो. त्यामुळे एक पाइप पुढेमागे होऊ शकतो. आणि आकडा दर रात्री वाढत गेला, किंवा विहिरीच्या पातळीइतका आला, तर बोट तळाच्या व्हॉल्व्हकडे दाखवायचं.

मग मी ग्रामपंचायतीत जाऊन ग्रामसेवकांना हे आकडे लिहून दिले. पंप पंचायतीचा आहे, तो उघडण्याचा हक्क आपला नाही, ही पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट माझ्या चुकीची.

आदल्या वर्षी हाच पंप बिघडला होता. तेव्हा मी आणि मोहल्ल्यातल्या चार पोरांनी ठरवलं, आपणच खोलू. 19 नंबरच्या पान्याने डोक्याचे नट सुटले, तेवढ्यावरून आम्हाला वाटलं सगळं जमेल. पाइप उचलायला बांबू, दोर आणि पाइप-पाना घेतला. पहिला पाइप अर्धा वर आला आणि दोर सरकला. पान्याचा दांडा गर्रकन फिरून एका पोराच्या मनगटावर बसला. नशिबाने हाड वाचलं आणि पाइप सॉकेटवर अडकला, म्हणून खाली गेला नाही. त्या दिवशी आम्ही काय उचलत होतो याचा हिशेब मी नंतर केला. दहा पाइप म्हणजे 30 मीटर. या जाडीचा पाइप मीटरला तीन किलोच्या वर भरतो, म्हणजे 90 किलोच्या पुढे. सळ्या 27 किलो. आतलं पाणी तेवढंच. वर सिलिंडर. सगळं मिळून दीडशे किलो, तेही हाताच्या पकडीवर. हे बोअरमध्ये पडलं तर काढणं फार अवघड, आणि निघालं नाही तर बोअर कायमची गेली.

म्हणून मार्क टूमध्ये पाइप उचलायची वेळ आली की मेकॅनिक बोलवायचा. या नियमाला माझ्याकडे अपवाद नाही. तालुक्याला पंचायत समितीकडे हातपंप दुरुस्तीचं पथक असतं, मागणी ग्रामपंचायतीमार्फत जाते. त्यांच्याकडे पाइप धरून ठेवणारा क्लॅम्प, उचलायचे दांडे, सळी पकडायची व्हाइस अशी खास अवजारं असतात. दांडे घेऊन तिघे उचलतात, तोवर क्लॅम्प पाइपाला सोडत नाही.

पथक आलं. प्रमुख मेकॅनिकला मी म्हटलं, "भाऊ, चौथ्या पाइपाचा वरचा आटा बघा." ते हसले. "इंजिनिअर साहेब, वरून दिसते का तुम्हाला?" मी त्यांना हापशांचा हिशेब सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "सकाळचे हापसे तर आमीबी इचारतोच. पण मोजून कोणी सांगत नाही."

पाइप एक-एक करून वर आले. चिखल आट्यांत जाऊ नये म्हणून ते रिकाम्या पोत्यांवर ठेवले. चौथ्या पाइपाच्या वरच्या टोकाला, आटे संपतात त्या रेषेवर, नखाएवढी चीर होती आणि तिच्याभोवती गंज. मेकॅनिकनी कारण सांगितलं. आटे पाडताना पाइपाची जाडी कमी होते आणि वरचं जस्त निघून जातं, म्हणून पाइप नेहमी तिथेच आधी खातो. त्यात दर हापशाला हिसका बसतो. तुमच्याकडे सकाळची पहिली बादली तांबूस येत असेल आणि बराच वेळ हापसल्यावर पाणी स्वच्छ होत असेल, तर तो गंज पाइपाचा असण्याचा संभव मोठा. दिवसभर हापसूनही पाणी तांबूसच राहिलं, तर लोह जमिनीतल्या पाण्यातच असू शकतं. मग पाइप बदलून फरक पडणार नाही, पाणी तपासायला द्यावं लागेल.

खाल्लेला तुकडा कापून नवीन आटे पाडू, असं कुणीतरी सुचवलं. मेकॅनिक म्हणाले, "पाच सेंटिमीटर पाइप कमी केला तर वरची सळीबी तेवढीच कापावी लागते." न कापल्यास सळी वर जास्त निघते, दांडा वर असताना साखळी सैल पडते आणि 125 मिलिमीटरच्या चालीतले ते 50 मिलिमीटर फुकट जातात. असं दुरुस्त केलेलं बोरिंग नव्या वायसरनेही पाणी कमी देतं आणि कारण कुणाला सापडत नाही. आम्ही कापलं नाही, चौथा पाइप नवीन घातला. उरलेल्या पाइपांचे आटे तारेच्या ब्रशने साफ करून बघितले. पाचव्याचेही झिजले होते, तोही बदलला. दोन सॉकेट नवीन घेतले.

मग सिलिंडर उघडलं. ते व्हाइसमध्ये आवळून धरत नाहीत, कारण पितळी अस्तर थोडंही चेपलं तर वायसर एका बाजूने घासतो. दोन्ही वायसरची कड कागदासारखी पातळ झाली होती, एकीला चीर होती. ते बदलले. नायट्राइलचे वायसर तसेच बसवतात. चामड्याचे असतील तर आधी तेलात भिजवून मऊ करतात, नाहीतर कोरडी कड पितळेवर नीट बसत नाही. मेकॅनिकनी अस्तरावर आतून नख फिरवलं. नख कुठे अडकलं असतं तर तिथे ओरखडा आहे आणि नवा वायसरही काही महिन्यांत फाटणार, असं समजायचं. आमचं अस्तर गुळगुळीत होतं. तळाच्या व्हॉल्व्हच्या रबरावर वाळूचा एक कण रुतून खळगा पडला होता. तो आज मोठा दोष नव्हता, पण सगळं वर आलेलं असताना दोन्ही व्हॉल्व्हची रबरं बदलली. त्याच रबरासाठी पुन्हा दीडशे किलो कोण उचलणार?

जोडलेलं सिलिंडर खाली सोडण्याआधी एक चाचणी केली. ते बादलीत उभं धरून सळीने दोन-चारदा पाणी ओढलं आणि बाहेर काढून धरलं. तळातून ठिबकलं नाही. ठिबकलं असतं तर तिथेच उघडलं असतं. सगळं परत बसल्यावर जलसुरक्षकांनी टीसीएल पावडरचं निवळलेलं पाणी बोअरमध्ये ओतलं. रात्रभर पंप बंद ठेवला आणि सकाळी वास जाईपर्यंत हापसून ते पाणी वाहू दिलं. पाइप, दोर, हात सगळं आत-बाहेर झालेलं असतं, म्हणून हे टाळायचं नाही.

त्यानंतर बादली लावली. 40 हापशांना साडेपंधरा लिटर. पुढच्या फजरला दुसऱ्या हापशाला पाणी.

आता तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. ग्रामपंचायतीला सांगून डोक्याचं पुढचं झाकण उघडता येतं, साखळीला ग्रीस लावता येतं, सैल नट आवळता येतात. सैल नटाने हलणारं डोकं आसाचे बेअरिंग खातं. पाइपाला हात लावायचा नाही. दांडा अचानक हलका झाला आणि पाणी बंद झालं, तर बहुधा सळी तुटली किंवा सुटली आहे. आणखी हापसू नका, पंप बांधून ठेवा आणि पथकाला कळवा. धक्का बसून पाइप खाली गेल्यासारखं वाटलं तरी तेच करा.

काही गावांत मार्क थ्री आहे. त्याचा पाइप 65 मिलिमीटरचा, म्हणजे रुंद असतो, त्यामुळे पाइप जागेवर ठेवून नुसत्या सळ्या ओढल्या की दट्ट्या आणि तळाचा व्हॉल्व्ह वर येतो. वायसर गावातच बदलता यावा म्हणूनच तो तसा बनवला. तुमच्याकडे तो असेल तर पथकाच्या मेकॅनिककडून एकदा प्रत्यक्ष शिकून घ्या, पुढच्या वेळी वायसर तुम्ही बदलू शकाल. पाइप फुटला तर मात्र तिथेही मेकॅनिकच लागतो.

नवीन बोअरच्या वर्गणीचं काय झालं, ते सांगून थांबतो. जमलेल्या पैशांतून ग्रामपंचायतीच्या संमतीने वायसरचे दोन संच, व्हॉल्व्हची रबरं, दोन पाइप आणि चार सॉकेट घेऊन मशिदीच्या खोलीत ठेवले. बाकीचे पैसे ज्यांचे त्यांना परत केले. वजूखान्याच्या दाराआड एक वही लटकवली आहे. दर महिन्याच्या पहिल्या जुम्याला कुणीतरी दोन आकडे लिहितं, 40 हापशांना किती लिटर आणि फजरला कितव्या हापशाला पाणी. मागच्या महिन्याचे आकडे चाचांनी स्वतः लिहिलेत, 15 आणि 2. पहिला आकडा 12 च्या खाली गेला किंवा दुसरा वाढू लागला की पथकाला कळवायचं, एवढंच त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे.